इंडक्शनच्या काचेवर करपलेली बासुंदी: ओरखडा न पाडता खपली कशी काढायची

प्रश्न: "नाशिकरोडला भाड्याच्या घरात राहते. परवा इंडक्शनवर बासुंदी आटवत होते, फोन आला आणि ती उतू जाऊन पातेल्याखाली करपली. आता प्लेटवर पातेल्याच्या बुडाएवढं काळं, कडक कडं बसलंय. कडेला थोडं पिवळं, चकचकीत आहे. ओल्या फडक्याने हलत नाही. स्टीलच्या घासणीने एका कोपऱ्यात घासून पाहिलं तर चंदेरी रेघा उमटल्या, म्हणून थांबले. ते ओरखडेच का? आणि बाकीचं कसं काढू? इंडक्शन घरमालकांचं आहे."

ताई, आधी रेघांचं सांगतो, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतोय. त्या बहुतेक ओरखडे नाहीत. इंडक्शनची काच घासणीच्या स्टीलपेक्षा कठीण असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर घासले की झिजतं ते स्टील, आणि त्याचाच पातळ थर काचेवर चढून बसतो. खात्री करायची असेल तर ती जागा पुसून कोरडी करा, मोबाइलचा टॉर्च प्लेटला लागून तिरपा धरा आणि रेघेच्या आडवं नख हलकेच फिरवा. नख कुठेही न अडता सरकलं तर तो धातूचा डाग, आणि तो निघतो. नख टक्कन अडलं तर ओरखडा. तो निघत नाही, आणि घासून घालवायच्या भानगडीत पडूही नये, कारण एक बारीक रेघ घालवायला जाऊन हाताएवढा धुरकट पट्टा करून बसलेले लोक माझ्याकडे येतात. मी सिडकोत घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. इंडक्शन बंद पडलं म्हणून माणूस येतो, आत एखादा पार्ट गेलेला असतो तो बदलतो, पण वरची काच बघून त्या घरातली घासणी कुठली ते सांगता येतं.

आता खपलीकडे वळू. काळा रंग बघून वाटतं की काळं काढायचं आहे. तुमच्या बाबतीत खरं दुखणं साखरेचं आहे, आणि कडेचं पिवळं, चकचकीत म्हणालात तीच ती. बासुंदी म्हणजे आटलेलं दूध, साय आणि भरपूर साखर. इंडक्शनमध्ये काच स्वतःहून तापत नाही. खालच्या कॉइलमुळे पातेल्याचं बूड तापतं आणि बुडाची उष्णता काचेला लागते. उतू गेलेला द्रव बूड आणि काच यांच्यामधल्या फटीत ओढला जातो, तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि तो दोन्हीकडून भाजला जातो. पाणी उडून गेलं की साखर वितळून काचेला लगटते, दुधातली प्रथिनं आणि साय तिच्यात अडकून जळतात. म्हणून तुमचं कडं बुडाच्या मापाचं आहे.

ही साखर गार होताना आकसते. या काचेचं वैशिष्ट्य असं की ती तापल्याने जवळजवळ प्रसरण पावत नाही आणि निवल्याने आकसत नाही, म्हणूनच ती आचेला टिकते. पण त्याचाच इथे तोटा होतो: वरची साखर आकसतेय, खालची काच जागची हलत नाही, आणि साखरेने काच घट्ट धरून ठेवलेली. ताण पुरेसा झाला की साखर काचेचा बारीक टवका घेऊनच सुटते. संक्रांतीनंतर तिळगुळाच्या पाकाची एक प्लेट माझ्याकडे आली होती. बाईंनी पाक पूर्ण गार होऊ दिला आणि मग सुरीच्या टोकाने खालून उचकटला. पाक एका ढलपीत निघाला, स्वच्छ. त्या ढलपीच्या खालच्या बाजूला बारीक चकाकी होती, ती काच होती. प्लेटवर तांदळाच्या कणीएवढे शिंपल्याच्या आकाराचे खळगे. त्याला इलाज नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला नियम हाच: खपली उचकटायची नाही. आधी साखर विरघळवून तिची पकड सोडवायची, मग जे राहील ते काढायचं. साखर पाण्यात विरघळते हे आपलं नशीब. ओल्या फडक्याने हललं नाही म्हणालात, ते पाणी चुकीचं होतं म्हणून नाही. गार पाणी होतं आणि वेळ कमी पडला. पूर्ण काळा कोळसा झालेला भाग मात्र पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी पातं लागेल. त्याकडे येतोच.

त्याआधी एक खात्री करून घ्या. तुमचं ते खरोखर इंडक्शन आहे ना, म्हणजे प्लगचं? हे विचारतो कारण नाशिकमध्ये काचेची शेगडी म्हटलं की निम्म्या घरांत काचेच्या टॉपची गॅसची शेगडी निघते. तिची काच वेगळी, ती टफन्ड असते. ती तापलेली असताना गार फडकं लागलं तर तडकू शकते, आणि पात्याने खरवडणं तिच्यावर मी करत नाही, कारण तिच्यावर एकदा खोल चरा पडला की पुढे कधी तरी अख्खी काच एकदम बारीक तुकड्यांत फुटण्याची भीती असते. तिथे फक्त भिजवणं आणि मऊ फडकं. खालचं सगळं इंडक्शनच्या किंवा इन्फ्रारेड कुकटॉपच्या सिरॅमिक काचेसाठी आहे.

ओरखडे येतात कशाने, हेही नीट समजून घ्या, म्हणजे कुणी नवा उपाय सुचवला तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. कठीणपणा मोजायची मोहची एक मोजपट्टी आहे, १ ते १० ची. त्यावर ही काच ६ च्या आसपास येते, स्टीलचं पातं तिच्या जरा खाली किंवा बरोबरीला. खाण्याचा सोडा अडीचच्या आसपास, म्हणजे तो काचेचं काही बिघडवू शकत नाही. पण वाळूचा कण ७, आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीत जी बारीक पूड चिकटवलेली असते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, ती थेट ९. म्हणजे गंमत अशी की धारदार पातं सरळ धरलं तर काचेला काही होत नाही, आणि दिसायला निरुपद्रवी हिरवी घासणी रोज थोडी थोडी काच खाते. राख आणि रांगोळीची पूडही टाळा. आपल्याकडे पितळ आणि लोखंड घासायची ती जुनी सवय आहे, पण त्यात वाळूचे कण असतातच. आणि ओटा पुसायचं फडकं प्लेटला लावू नका. ओट्यावर कोथिंबिरीची माती, तांदळातला खडा, खिडकीतून आलेली धूळ, सगळं त्याच फडक्यात असतं. प्लेटचं फडकं वेगळं ठेवा, जुनी सुती बनियन किंवा मायक्रोफायबर.

आता तुमची खपली. सामान असं लागेल: खाण्याचा सोडा, भांडी धुण्याचं लिक्विड, दोन स्वच्छ सुती फडकी, दुधाच्या पिशवीसारखा प्लॅस्टिकचा तुकडा, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू, आणि काचेवर चालवायचा स्क्रेपर. हा स्क्रेपर हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. काचेवरचा रंग आणि स्टिकर काढायला वापरतात तो, एका बाजूला धार असलेलं पातं हँडलमध्ये बसवलेलं असतं. दाढीचं दोन धारांचं ब्लेड हातात धरून वापरू नका. ते वाकतं, वाकलं की कोपरा काचेत रुततो, आणि तुमची बोटंही जातात. नवं पातं घाला. जुन्या पात्याला दात पडलेले असतात आणि प्रत्येक दात एक रेघ ओढतो.

पहिलं काम, इंडक्शन बंद करा पण प्लग लगेच उपटू नका. नुकतंच चालवलेलं असेल तर आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो आणि आतली उष्णता बाहेर टाकतो, त्याला थांबू द्या. मग प्लग काढा. बटणं जिथे आहेत तो भाग काचेचा नसून वर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर त्याच्या कडेला साधी चिकटपट्टी लावून हद्द आखून घ्या. त्या पापुद्र्यावर ना पातं, ना व्हिनेगर.

मग भिजवणं. खपलीवर कोरडा सोडा भुरभुरा, दोन चमचे पुरे. एका फडक्याला कढत पाण्यात बुडवा, त्या पाण्यात लिक्विडचे तीन-चार थेंब असू द्या, आणि फडकं पिळून घ्या. हे पिळणं महत्त्वाचं. काच आणि प्लॅस्टिकची बॉडी यांच्या सांध्यात सिलिकॉन भरलेलं असतं, पण जुन्या इंडक्शनमध्ये ते सुटलेलं असतं आणि पाणी तिथून थेट सर्किटवर जातं. सफाईनंतर बंद पडलेली इंडक्शनं माझ्याकडे येतात त्यातली बरीच अशीच भिजलेली असतात. फडकं ओलं हवं, त्यातून पाणी गळता कामा नये. ते सोड्यावर पसरा, वर प्लॅस्टिक घाला म्हणजे वाफ धरून राहील, आणि अर्धा तास विसरून जा. मग फडकं पुन्हा कढत पाण्यात बुडवून पिळा आणि पुन्हा अर्धा तास ठेवा.

दुसऱ्या अर्ध्या तासानंतर फडकं उचलाल तेव्हा ते खालून तपकिरी झालेलं दिसेल आणि बोटांना चिकट लागेल. ती विरघळलेली साखर. कडेचं पिवळं, चकचकीत आता दिसत नसेल किंवा बोटाने दाबल्यावर मऊ लागेल, तर साखर सुटली. अजून काचेसारखं टणक लागत असेल तर पात्याला हात लावू नका, आणखी एक फेरी करा. घाई करायची जागा ही नाही. इथे सोड्याचं काम वेगळं आहे: तो सौम्य अल्कली आहे, जळलेल्या सायीची आणि प्रथिनांची पकड ढिली करतो. साखरेला मात्र सोडवतं ते गरम पाणीच.

कुणी म्हणेल, धुण्याचा सोडा जास्त जोरात काम करेल. करेल, पण हात भाजतील आणि बॉडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा रंग जाईल. कॉस्टिक आणि संडासचं ॲसिड तर घरात या कामाला काढूच नका.

आता पातं. काच ओलीच ठेवा, साबणाचं पाणी पातळसं लावून. कोरड्या काचेवर पातं अडखळतं. पातं काचेला साधारण ३० अंशाच्या कोनात, म्हणजे जवळजवळ आडवं धरा, आणि धारेची दोन्ही टोकं एकाच वेळी काचेला टेकलेली हवीत. सगळी मेख इथेच आहे. एक टोक उचललं गेलं की दुसरं टोक टोचतं आणि तोच ओरखडा. ढकलायचं ते फक्त पुढे, स्वतःपासून लांब. मागे ओढायचं नाही. उचला, पुन्हा सुरुवातीला आणा, पुन्हा ढकला. खपलीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू करा आणि आत जा. दर दोन-तीन ढकलींनंतर पातं पुसा, कारण सुटलेला कोळशाचा तुकडा पात्याखाली अडकला तर तोच पुढे ओरबाडत जातो. नीट चाललंय हे कानाला कळतं: पातं सुरळीत जात असेल तर बारीक खरखर येते आणि काळी पूड ओल्या चिखलासारखी धारेवर जमा होते. किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा हाताला खट्ट असा धक्का बसला तर थांबा, कोपरा रुततोय किंवा कण अडकलाय.

पातं जिथे घसरतच राहतं, काही निघत नाही, तिथे जोर लावू नका. पुन्हा सोडा, पुन्हा कढत फडकं, पुन्हा अर्धा तास. जोर वाढवण्यापेक्षा वेळ वाढवा. प्लेटवरच्या छापील गोलावरून किंवा ठिपक्यांवरून पातं गेलं तर घाबरू नका. ते रंग भट्टीत भाजून काचेवर बसवलेले असतात, आडव्या पात्याने सहसा निघत नाहीत. घासणीने मात्र वर्षभरात फिके पडतात.

खपली गेल्यावर काचेवर तपकिरी, धुरकट सावली राहील. आता सोड्याची पेस्ट: तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी, दात घासायच्या पेस्टइतकी घट्ट. ओल्या सुती फडक्याने लहान लहान गोल फिरवत घासा. पेस्ट सुकायला लागली की पाण्याचा थेंब टाका. त्या चंदेरी रेघांवरही हीच पेस्ट. धातूचा डाग सोड्याला थोडा वेळ लावतो, एका बैठकीत फिका पडतो आणि दुसरीत जातो. तरी उरलाच तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, अर्धा चमचा दोन चमचे पाण्यात विरघळवून पाच मिनिटं लावून ठेवा, पुसा, मग पुन्हा पेस्ट. एवढं करूनही गेलं नाही तर काचेच्या कुकटॉपसाठी मिळणारं क्रीम आणा. रेघा तशाच ओल्या सोडू नका. घासणी साध्या लोखंडी तारेची असेल तर तो कण गंजतो आणि चंदेरीच्या जागी तांबूस डाग येतो.

शेवटी पांढरट पापुद्रा उरेल, तो दोन गोष्टींचा असतो: सोड्याचा साका आणि पाण्यातले क्षार. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असेल तर फार नसतो, पण बऱ्याच सोसायट्यांत वापराचं पाणी बोअरचं असतं आणि ते जड, तिथे प्रत्येक ओल्या पातेल्याचं पांढरं वर्तुळ उमटतं. त्याला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, किंवा अर्ध्या लिंबाचा रस. फडक्यावर घेऊन लावा, पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा आणि कोरडं करा. दुधातल्या कॅल्शियमचा डाग असेल तोही यातच जातो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायचा जो व्हिडिओ सगळीकडे फिरतो, त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. अल्कली आणि ॲसिड एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते खारट पाणी, ज्यात दोघांचंही काम करायची ताकद फारशी नाही. फेसाने एखादा सुटा तुकडा हलतो, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. आधी सोडा, तो पुसून झाल्यावर मग व्हिनेगर, असंच करा.

किती वेळ लागेल? तुमच्या वर्णनावरून भिजवण्यासकट दोन-अडीच तास, त्यात हात चालवायचं काम अर्ध्या तासाचं. पण हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक, उतू गेल्यावर तुम्ही तेच पातेलं ठेवून पुढे किती वेळ आटवलंत. पाच मिनिटं असेल तर साखर जास्त आणि कोळसा कमी, भिजवण्यातच बरंच निघेल. अर्धा तास आटवलं असेल तर कोळसा जास्त, पात्याचं काम वाढेल. दुसरं, त्यानंतर त्याच खपलीवर रोजचा चहा आणि कुकर चालू आहे का. चालू असेल तर आधी तो थांबवा. प्रत्येक वेळी ती पुन्हा भाजली जातेय आणि पक्की होतेय.

थांबवायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. प्लेटच्या मधोमध काचेच्या खाली एक छोटा सेन्सर काचेला चिकटवलेला असतो. तो काचेच्या तापमानावरून पातेलं किती तापलंय याचा अंदाज घेतो. खपलीमुळे पातेलं काचेपासून थोडं उचललं गेलं की काचेपर्यंत उष्णता उशिरा पोचते, सेन्सरला वाटतं पातेलं अजून गार आहे, आणि तेल किंवा दूध हाताबाहेर तापतं. त्यामुळे दूध पुन्हा उतू जातं. त्याच कारणासाठी काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून पातेल्याखाली वर्तमानपत्र किंवा जाड कापड घालायचा सल्ला ऐकू नका. पाणी उकळताना काही होत नाही, पण तेल तापवताना बूड कागद जळण्याइतकं तापतं. ॲल्युमिनियमची फॉइल तर कधीच नको, ती स्वतः तापते.

पातेल्याचं बूडही बघा. लोक प्लेट लख्ख करतात आणि खाली तीच खपली लागलेलं पातेलं पुन्हा ठेवतात. पहिल्याच आचेला तो कोळसा काचेला लागतो. पातेलं उलटं करून त्याला हवी ती घासणी लावा, स्टीलला चालतं, पण नंतर धुऊन पुसून घ्या. घासणीचे तुटलेले तारेचे तुकडे बुडाला चिकटून परत काचेवर येतात. बिड्याचा तवा असेल तर त्याच्या बुडावर हात फिरवून खरखरीत फुगवटे आहेत का पाहा. तसा तवा काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

सगळं काढून झाल्यावर टॉर्च तिरपा धरून एकदा पूर्ण प्लेट बघा. धुरकट रेघा ज्यात नख अडत नाही, त्यांनी काम बिघडत नाही. कणीएवढा खळगा दिसला, तर तेवढ्याने इंडक्शन बंद करायची गरज नाही, पण तिथून पुढे कधी केसाएवढी रेघ पसरताना दिसली, किंवा आत्ताच एखादी बारीक भेग काचेच्या एका कडेपर्यंत जाताना दिसली, तर ते वापरणं त्याच क्षणी थांबवा आणि प्लग काढा. भेगेतून उतू गेलेलं पाणी खाली चालू करंटपर्यंत जातं आणि पातेल्यातून शॉक बसू शकतो. वर टेप किंवा डिंक लावून चालवायचं नाही, प्लेटच बदलायची. बदलून मिळते, पण त्याच मॉडेलची मिळेलच असं नाही, म्हणून दुकानात जाताना खालच्या लेबलचा फोटो घेऊन जा. भेग किंवा खळगा निघाला तर घरमालकांना तेव्हाच दाखवा, घर सोडताना नाही. नुसत्या रेघा असतील तर त्या पेस्टने गेल्या की सांगण्यासारखं काही उरत नाही.

आणि पुढच्या वेळी बासुंदी, गुळवणी, जिलबीचा पाक किंवा मार्चमध्ये द्राक्षांचा जॅम, यातलं काहीही उतू गेलं तर बाकी सगळ्या सांडलवंडीच्या उलट वागायचं. वरणाचं पाणी किंवा नुसतं दूध सांडलं तर निवू द्यावं आणि मग भिजवावं. साखर किंवा गूळ असेल तर निवूच द्यायचं नाही. इंडक्शन बंद, पातेलं सरळ वर उचलून बाजूला, हातात जाड मोजा, आणि काच गरम असतानाच स्क्रेपरने तो पातळ पाक गोलाच्या बाहेर गार भागावर ढकलायचा. ओलं फडकं यावेळी नको, वाफेने हात भाजतो. पाक तिथे गोळा झाला की बाकीचं नंतर कढत फडक्याने पुसता येतं. पातेलंच काचेला चिकटून बसलं असेल तर हिसडा देऊ नका. त्यात तांब्याभर पाणी घाला, इंडक्शन अगदी कमी आचेवर मिनिटभर चालवा, पाक मऊ झाला की पातेलं किंचित फिरवा आणि मगच उचला.